पडद्यावरचा शब्द, पाठातला शब्द आणि शेतातली हाक : फवारणी-ड्रोनच्या अभ्यासक्रमातील परिभाषेचे मराठी भाषांतर

मराठीत परिभाषेच्या भाषांतराची चर्चा बहुधा कोशाच्या अंगाने होत आली आहे. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांच्या प्रेरणेने सिद्ध झालेल्या राजव्यवहारकोशापासून ते १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांपर्यंत या परंपरेचा वाचक प्रायः लिहिणारा माणूस आहे. तो कारकून आहे, अधिकारी आहे किंवा प्राध्यापक आहे. शब्द अडला तर तो थांबू शकतो, कोश उघडू शकतो, समासात मूळ शब्द लिहून ठेवू शकतो. शेतीच्या फवारणीसाठी ड्रोन चालवण्याचे शिक्षण घेणाऱ्याची स्थिती वेगळी आहे. त्याच्या हातात रिमोट असतो, पडद्यावर इंग्रजी शब्द उमटलेला असतो आणि त्या शब्दाचा अर्थ त्याला काही सेकंदांत बोटांच्या हालचालीत उतरवायचा असतो.

रोमान याकोब्सन यांनी १९५९ मधील आपल्या निबंधात भाषांतराचे तीन प्रकार मानले आहेत : एकाच भाषेतील पुनर्कथन, एका भाषेतून दुसऱ्या भाषेतील भाषांतर आणि एका चिन्हव्यवस्थेतून दुसऱ्या चिन्हव्यवस्थेतील संक्रमण. तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणून साहित्याभ्यासात कादंबरीचा चित्रपट किंवा कवितेचे नृत्य अशी रूपांतरे घेतली जातात. फवारणीच्या अभ्यासक्रमात हे तिन्ही प्रकार एकाच शब्दाभोवती गोळा होतात. इंग्रजी संज्ञेचे मराठी होते, त्या मराठीचे बोलीत पुनर्कथन होते आणि शेवटी त्याची कृती होते. भाषांतर सफल झाले की नाही, हे शेवटच्या टप्प्यावर कळते.

हा प्रश्न आता केवळ काही हौशी तंत्रज्ञांपुरता उरलेला नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर दूरस्थ वैमानिकाच्या प्रमाणपत्रासाठी दहावी उत्तीर्ण असणे पुरेसे ठरले. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत १५,००० महिला बचतगटांना ड्रोन देण्याचे आणि गटातील एका सदस्येला १५ दिवसांचे प्रशिक्षण देण्याचे ठरले. त्यांपैकी ५ दिवस चालकाच्या अनिवार्य शिक्षणाचे व १० दिवस खते आणि कीटकनाशके यांच्या फवारणीचे आहेत. यंत्राची पुस्तिका इंग्रजीत, पडद्यावरील संदेश इंग्रजीत आणि शिकणारीचे शालेय शिक्षण मराठीत, अशी ही रचना आहे. या १५ दिवसांत कोणता शब्द मराठीत आणावा, कोणता तसाच ठेवावा आणि का, याचा विचार येथे उड्डाण-नियंत्रण, भार आणि बॅटरी या तीन विषयांतील मोजक्या संज्ञांच्या आधारे केला आहे.

नियंत्रक कोण?

ड्रोनच्या मध्यभागी एक छोटे यंत्र असते. तोल, वेग, उंची आणि दिशा यांची नोंद घेणारे संवेदक त्याला जोडलेले असतात. चालकाची आज्ञा आणि ड्रोनची प्रत्यक्ष स्थिती यांत जो फरक दिसेल त्यानुसार ते प्रत्येक मोटरीचा वेग कमीजास्त करते. याचे इंग्रजी नाव फ्लाइट कंट्रोलर. शब्दशः भाषांतर केले तर 'उड्डाण नियंत्रक' ही निर्दोष वाटणारी संज्ञा मिळते. व्याकरणाने ती शुद्ध आहे आणि कोणत्याही कोशात शोभेल.

अडचण मराठीच्या वापरातून निर्माण होते. मराठीत 'नियंत्रक' हा बहुधा माणूस असतो. एस. टी. स्थानकावरचा वाहतूक नियंत्रक, विद्यापीठातला परीक्षा नियंत्रक, विमानतळावरचा हवाई वाहतूक नियंत्रक, सगळे हाडामांसाचे. त्यामुळे 'उड्डाण नियंत्रकाने आज्ञा नाकारल्यास उड्डाण करू नये' या वाक्याचा अर्थ मैदानावरचा कोणी अधिकारी परवानगी नाकारतो आहे, असा होतो. दुसरीकडे हातातल्या रिमोटलाही बोलण्यात 'कंट्रोलर' म्हटले जाते. मग 'कंट्रोलर बंद करा' या सूचनेने ड्रोनमधले यंत्र बंद करायचे की हातातला रिमोट, हे कळत नाही. ड्रोन हवेत असताना रिमोट बंद होणे म्हणजे त्याचा संपर्क तोडणे होय. तेव्हा येथे तीन वस्तू आहेत आणि त्यांना तीन वेगळी नावे हवीत. ड्रोनमधले ते 'उड्डाण-नियंत्रण यंत्र' किंवा सरळ 'फ्लाइट कंट्रोलर', हातातला तो 'रिमोट' आणि माणूस तो 'चालक'. 'यंत्र' हे उत्तरपद जोडताच व्यक्तिवाचक अर्थ बंद होतो. 'कंट्रोलर' हा एकटा शब्द मात्र पाठातून पूर्णपणे वगळावा लागतो.

सज्ज होण्यास सज्ज

उड्डाण-नियंत्रणातील सर्वांत कठीण शब्द दिसायला सर्वांत लहान आहे. तो म्हणजे आर्म. हा शब्द स्फोटकांच्या व्यवहारातून आलेला आहे. सुरुंगाची कळ सोडून तो पेटता येण्याजोगा करणे, असा त्याचा मूळचा भाव. ड्रोनच्या संदर्भात आर्म करणे म्हणजे मोटरींवरचा अटकाव काढून त्यांना आज्ञा स्वीकारू देणे. अर्डुपायलट या प्रचलित मुक्त प्रणालीत डावी दांडी खाली आणि उजवीकडे काही सेकंद धरली की ही क्रिया होते. नेहमीच्या मांडणीत त्याच क्षणापासून पाती संथ गतीने फिरू लागतात.

या शब्दाचे सर्वांत स्वाभाविक भाषांतर 'सज्ज करणे' असे सुचते. 'शस्त्रसज्ज' या शब्दामुळे मूळ रूपकाशी त्याचे नातेही जुळते. तथापि, मराठीतली सज्जता स्थिर आहे. सभागृह सज्ज असते, रुग्णालय सज्ज असते, पथक सज्ज असते. सज्ज वस्तू आज्ञेची वाट पाहत उभी असते आणि तिच्याजवळ जाण्यात धोका नसतो. 'ड्रोन सज्ज केल्यानंतर टाकीचे झाकण तपासावे' असे वाक्य त्यामुळे कोणालाही खटकत नाही. प्रत्यक्षात मात्र ती फिरत्या पात्यांत हात घालण्याची सूचना ठरते.

दुसरी अडचण पडद्यावर येते. जमिनीवरील संगणकाच्या पडद्यावर सर्व तपासण्या पूर्ण झाल्या की `Ready to Arm` असा संदेश उमटतो. तपासणी अपुरी असेल तर `PreArm:` या शब्दाने सुरू होणारी ओळ कारण सांगते, जसे `PreArm: Compass not calibrated`. 'सज्ज' हाच शब्द दोन्हींकडे योजला तर पहिल्या संदेशाचे मराठी 'सज्ज होण्यास सज्ज' असे होते. इंग्रजीत ज्या दोन स्थिती स्पष्टपणे वेगळ्या आहेत, पाती स्थिर असण्याची आणि पाती फिरू लागण्याची, त्या मराठीत एका शब्दात विरघळून जातात.

तौलनिक दृष्टीने येथे चिनी भाषेचे उदाहरण उद्बोधक आहे. चिनीने शस्त्राचे रूपक सोडून कुलपाचे घेतले. 'जिएसुओ' म्हणजे कुलूप उघडणे, हा तिथला आर्मचा पर्याय आहे. चिनी बनावटीच्या फवारणी-ड्रोनांच्या इंग्रजी पुस्तिकांत मग हेच रूपक परत इंग्रजीत येते आणि त्याच क्रियेसाठी `Unlock` असा शब्द दिसतो. मराठी भाषांतरकारासमोर म्हणून एकाच कृतीची दोन इंग्रजी नावे येतात, त्यांतले एक स्वतःच भाषांतरातून जन्मलेले. 'कुलूप काढणे' हा मराठी पर्याय 'सज्ज'पेक्षा बरा आहे, कारण त्यात काहीतरी मोकळे सुटल्याची जाणीव आहे. पण फवारणी-ड्रोनचे पंखही घडीचे असतात, ते उघडून कड्या बसवाव्या लागतात आणि 'कुलूप उघडले' हा शब्दप्रयोग त्या कड्यांकडेही बोट दाखवतो.

येथे एका शब्दाने काम भागत नाही, हे मान्य करणे हाच उपाय ठरतो. पडद्यावर जे दिसते ते जसेच्या तसे ओळखता आले पाहिजे. म्हणून `Arm` आणि `Unlock` ही दोन्ही रूपे चित्रासारखी शिकवावी लागतात. पाठात 'आर्म करणे' हा शब्द स्वीकारून त्याची व्याख्या कृतीच्या अंगाने द्यावी लागते : 'आर्म करणे म्हणजे मोटरींवरील अटकाव काढणे, यानंतर पाती फिरतात, जवळ जाऊ नये.' आणि शेतात, चालक व मदतनीस यांच्यामध्ये जी हाक जाते, तिच्यासाठी तिसराच शब्द लागतो. 'आर्म' आणि 'डिसआर्म' यांत फरक फक्त आरंभीच्या अक्षरांचा आहे. वाऱ्यात किंवा मोटरीच्या आवाजात ती गळाली की आज्ञा नेमकी उलटी होते. शिवाय नवख्या कानाला 'आर्म' हे 'आराम'सारखे ऐकू येते. 'पाती चालू' आणि 'पाती बंद' या हाकांत शेवटचा शब्दच वेगळा असल्याने गोंधळाला जागा राहत नाही. पडद्यावरचा, पाठातला आणि हाकेतला असे तीन शब्द एकाच संज्ञेसाठी ठेवणे हा परिभाषेच्या एकरूपतेचा भंग वाटेल. परंतु ती एकरूपता कोशाची गरज आहे, शेताची नव्हे.

सुरक्षा की ठरलेली कृती?

फेलसेफ या शब्दाची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे मराठी अर्थ अपुरा पडत नाही, तो गरजेपेक्षा अधिक आश्वासक होतो. 'सुरक्षा यंत्रणा', 'अपयश-सुरक्षा' किंवा 'बिनधोक व्यवस्था' असे पर्याय सुचतात आणि प्रत्येकात सुरक्षिततेची हमी दडलेली असते. वस्तुतः फेलसेफ म्हणजे काही बिघडले तर ड्रोनने आपणहून काय करावे, याची आधी नोंदवून ठेवलेली आज्ञा. ती आज्ञा त्या जागी योग्य आहे की नाही, हे यंत्राला ठाऊक नसते.

एक उदाहरण तपशिलाने पाहता येईल. कपाशीच्या एका शेताचा आकार काटकोनात वळलेला आहे आणि वळणाच्या आतल्या कोपऱ्यात, बांधावर, १८ मीटर उंचीचे कडुलिंबाचे झाड आहे. चालकाने ड्रोन रस्त्याकडच्या टोकाला आर्म केला. आखलेला मार्ग झाडाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जातो आणि तेथे ड्रोन पिकावरून दोन-तीन मीटर उंचीने फवारणी करतो आहे. बॅटरीत १२ सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. प्रणालीत पुढील नोंदी केलेल्या आहेत :

```
BATT_LOW_VOLT    42
BATT_LOW_TIMER   10
BATT_FS_LOW_ACT  2
RTL_ALT          1500
```

पहिल्या ओळीचा अर्थ असा की, बॅटरीचे व्होल्टेज ४२ च्या, म्हणजे प्रत्येक सेलमागे ३.५ च्या, खाली गेले तर ती उतरली असे मानावे. दुसरी ओळ सांगते की, ही स्थिती १० सेकंद टिकली पाहिजे. तिसरीतील २ या अंकाचा अर्थ निघाल्या जागी परतणे असा आहे. चौथी ओळ परतीची किमान उंची सेंटिमीटरमध्ये देते, म्हणजे १५ मीटर. टाकीत अजून सहा लिटर द्रव आहे. वजन जास्त असल्याने मोटरी अधिक विद्युतप्रवाह ओढत आहेत आणि त्या ओढीखाली व्होल्टेज ४२ च्या खाली जाऊन १० सेकंद तेथेच राहते. ड्रोन फवारणी सोडतो, सरळ वर १५ मीटरवर चढतो आणि आर्म केलेल्या जागेकडे सरळ रेषेत निघतो. येताना घेतलेला वळसा त्याला आठवत नाही. सरळ रेषेत कडुलिंब उभे आहे आणि ते ड्रोनच्या उंचीपेक्षा तीन मीटर उंच आहे. अडथळा ओळखणारा संवेदक नसलेला ड्रोन त्यावर आदळतो.

प्रत्येक नोंद आपल्या जागी बरोबर आहे आणि फेलसेफने सांगितलेले काम चोख केले आहे. चूक झाली ती उड्डाणापूर्वीच्या एका न विचारलेल्या प्रश्नात. 'सुरक्षा यंत्रणा चालू आहे का?' या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे येते आणि तपासणी संपते. त्याऐवजी संज्ञाच 'बिघाडप्रसंगीची ठरलेली कृती' अशी असेल, तर ती स्वतःहून पुढचा प्रश्न उभा करते : कोणती कृती ठरली आहे? तिसऱ्या ओळीत `0` असेल तर इशारा देण्यापलीकडे काहीच होणार नाही. `1` असेल तर ड्रोन आहे तेथेच उतरेल, मग खाली विहीर असो की पीक. `2` असेल तर परतीच्या सरळ रेषेतील सर्वांत उंच वस्तू किती उंच आहे, हे पाहावे लागेल. लांबट पर्याय येथे अधिक चांगला आहे, कारण तो वाचकाला स्वस्थ बसू देत नाही.

याच उदाहरणात आणखी दोन शब्द लपलेले आहेत. प्रणालीतील `Home` चे भाषांतर 'घर' असे केले की शिकणाऱ्याच्या मनात एक कायमची जागा उभी राहते. येथे मात्र ती जागा दर वेळी आर्म करताना नव्याने ठरते. बॅटरी बदलून शेताच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा आर्म केले की 'घर' तिकडे सरकते. 'निघाल्या जागी परत' या साध्या मराठी पर्यायात ही हालचाल सामावते. दुसरा शब्द 'दाब'. महाराष्ट्रात वीज 'कमी दाबाने' येते आणि विद्युतवाहिनी 'उच्चदाब' वा 'लघुदाब' असते. व्होल्टेजसाठी 'दाब' हा रुळलेला, अधिकृत शब्द आहे. फवारणीत मात्र दाब असतो पंपाचा आणि नोझलचा. 'दाब कमी झाल्यास ड्रोन खाली घ्यावा' या वाक्यात पहिला अर्थ धोक्याचा आहे, दुसरा बहुधा तुंबलेल्या गाळणीचा. म्हणून या अभ्यासक्रमापुरता 'दाब' पंपाला द्यावा आणि बॅटरीसाठी 'व्होल्टेज' हा परका शब्द ठेवावा. देशी शब्द उपलब्ध असताना परका शब्द निवडण्याचे कारण येथे आळस नसून अर्थभेदाचे रक्षण हे आहे.

भार : वस्तू आणि वजन

पेलोड हा शब्द मालवाहतुकीच्या व्यवहारातून विमानविद्येत आला. ज्या ओझ्याचे पैसे मिळतात ते ओझे, हा त्याचा मूळ अर्थ. अवकाश संशोधनासंबंधीच्या हिंदी लेखनात त्याला 'नीतभार' म्हणतात, म्हणजे नेला जाणारा भार. त्यात पैशाचा भाव गळून वहनाचा उरला आहे. मराठीत 'भार' हा शब्द सहज सुचतो. प्रश्न असा की, ड्रोनच्या पुस्तिकांत पेलोड कधी वस्तू असते तर कधी वजन. छायाचित्रणाच्या ड्रोनवर कॅमेरा हा पेलोड असतो, ती एक वस्तू आहे. फवारणीच्या ड्रोनवर टाकी, पंप, नळ्या आणि नोझल हा संच पेलोड म्हटला जातो आणि त्या टाकीतले द्रवही. 'उड्डाणापूर्वी भार तपासावा' या सूचनेचा अर्थ संच घट्ट बसवला आहे का, असा होईल किंवा वजन मर्यादेत आहे का, असाही.

या संदिग्धतेला कायद्याची बाजूही आहे. ड्रोन नियमांत वर्गवारी पेलोडसह होणाऱ्या कमाल एकूण वजनावर ठरते आणि २ किलोंहून अधिक ते २५ किलोंपर्यंतचे ड्रोन 'लहान' या वर्गात मोडतात. समजा, संचासह एका ड्रोनचे वजन ९ किलो आहे आणि बॅटरीचे ५.५ किलो. टाकीत १० लिटर पाणी भरले की, पाण्याच्या एका लिटरचे वजन एक किलो धरून, एकूण २४.५ किलो होतात. शिकणाऱ्याने 'भार' म्हणजे फक्त द्रव असे समजून मोठ्या क्षमतेची एक किलो जड बॅटरी लावली, तर त्याच्या समजुतीने भार वाढलेला नाही. एकूण वजन मात्र २५.५ किलो झाले आहे. म्हणून येथे 'फवारणी संच', 'द्रवाचे वजन' आणि 'उड्डाणाचे एकूण वजन' अशा तीन संज्ञा वापरणे श्रेयस्कर, आणि नुसता 'भार' टाळणे इष्ट.

या विषयात मराठीची श्रीमंती दिसते ती दुसऱ्याच ठिकाणी. अर्धी रिकामी झालेली टाकी वळणावर ड्रोनला हेलकावे देते, कारण आतले द्रव एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे जाते. त्याच्या इंग्रजी नावासाठी 'द्रवदोलन' असा पर्याय घडवण्याची गरज नाही. डोक्यावर घागर घेऊन चाललेल्या बाईला 'हिंदकळणे' हा शब्द ठाऊक असतो, आणि भरलेल्या घागरीपेक्षा उणी घागर अधिक हिंदकळते, हेही. येथे शब्दासोबत अनुभवही आयता मिळतो.

ठेवणीचा चार्ज

बॅटरीच्या सुरक्षिततेत मात्र हाच आयता अनुभव आड येतो. महाराष्ट्रातील शेतकऱ्याने फवारणीची बॅटरी पाहिली आहे. ती पाठीवरच्या 'बॅटरी पंपा'ची, बहुतेक शिसे-आम्लाची. ती उतरलेली ठेवली तर खराब होते, म्हणून हंगाम संपला की पूर्ण चार्ज करून ठेवावी, हा धडा त्याने नुकसान सोसून शिकलेला असतो. ड्रोनच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीला हा धडा लावला की ती बिघडते. तिचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो आणि अनेक दिवस ठेवायचा तर सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावा लागतो. १२ सेलांच्या बॅटरीत हे आकडे अनुक्रमे ५०.४ आणि ४५.६ होतात. पूर्ण भरून उन्हाळाभर पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी आतून झिजते, तिच्यात वायू साठतो, आणि आग लागलीच तर भरलेली बॅटरी अधिक ऊर्जा सोडते.

या मधल्या पातळीच्या इंग्रजी नावाचे शब्दशः मराठी 'साठवण चार्ज' असे होते. साठवण तलावात पाणी भरून ठेवतात, साठवणीचे धान्य कणगीत भरतात. मराठीत साठवण म्हणजे भरणे. 'बॅटरीला साठवण चार्ज करून ठेवा' ही सूचना त्यामुळे 'पुरेपूर भरून ठेवा' अशी ऐकू येते आणि जुन्या सवयीला दुजोरा देते. भाषांतर अगदी शब्दाला शब्द असूनही सूचना उलटी पोहोचते.

'ठेवणीचा चार्ज' हा पर्याय येथे विचारार्ह आहे. ठेवणीतली साडी किंवा ठेवणीतले भांडे म्हणजे रोजच्या वापरात नसलेले, जपून बाजूला ठेवलेले. या शब्दात भरण्याची कल्पना नाही, न वापरण्याची आहे. शिकणारीच्या मनात त्यामुळे योग्य प्रश्न उठतो : उद्या उडवायचे आहे की ठेवायचे आहे? उडवायचे असेल तर पूर्ण चार्ज, ठेवायचे असेल तर ठेवणीचा. शब्दाने आकडा सांगितला नाही, तो चार्जरच्या पडद्यावरून घ्यायचा आहे. शब्दाने फक्त दोन प्रसंग वेगळे केले.

बॅटरी 'फुगणे' हा शब्द तर कोणी भाषांतरित केलेलाच नाही, तो लोकांनी स्वतःच वापरात आणला. फुगलेली बॅटरी चार्ज करू नये व उडवू नये, असा नियम आहे. पण मराठीत फुगणे बहुधा निरुपद्रवी असते. भाकरी फुगते, गाल फुगतो, आणि ते पुन्हा बसतातही. 'सूज' हा पर्याय घेतला तर रोगाचा भाव येतो, पण सूज उतरते असाही अनुभव आहे. थंड झाल्यावर किंचित बसलेली बॅटरी बरी झाली, असे त्यातून सुचते. तेव्हा शब्द बदलण्यापेक्षा त्याला निर्णय जोडणे अधिक उपयोगी : 'फुगली ती बाद.' 'बाद' या शब्दाला परतीचा मार्ग नाही. हीच काळजी 'विझणे' या क्रियापदाच्या बाबतीत घ्यावी लागते. लिथियम बॅटरीची ज्वाला दिसेनाशी झाली तरी आतील सेल तापलेले असतात आणि ती काही तासांनीही पुन्हा पेटू शकते. 'आग विझल्यावर' या शब्दांनी सुरू होणारे वाक्य म्हणून धोक्याचे आहे. 'बॅटरी पूर्ण थंड होईपर्यंत, उघड्यावर, माणसांपासून दूर' हे शब्द कृती संपण्याची खरी वेळ सांगतात.

चूक कशी ओळखावी?

भाषांतर तपासण्याची रूढ रीत म्हणजे उलट भाषांतर. मराठी पाठ न पाहिलेल्या मूळ इंग्रजीत परत नेऊन दोन्ही ताडून पाहायचे. वरील उदाहरणांत ही रीत निरुपयोगी ठरते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. 'उड्डाण नियंत्रक', 'सज्ज करणे', 'साठवण चार्ज' हे तिन्ही पर्याय इंग्रजीत परत नेले की जवळपास मूळ शब्दच हाती येतात. दोष कोशगत अर्थात नसतो, तो शिकणाऱ्याच्या भाषेतील सहवासात असतो, आणि उलट भाषांतर करणारा द्वैभाषिक माणूस तो सहवास नकळत बाजूला ठेवतो.

अधिक भरवशाची कसोटी कृतीची आहे. अर्थ विचारू नये, करून दाखवायला सांगावे. पाती काढलेल्या ड्रोनसमोर 'आर्म करा' असे सांगून, त्यानंतर शिकणारी कोठे उभी राहते, हे पाहावे. पाऊल मागे गेले तर शब्द पोहोचला. वापरलेली बॅटरी आणि चार्जर देऊन 'ही पुढच्या आठवड्यापर्यंत ठेवायची आहे' एवढेच सांगावे. बोट पूर्ण चार्जच्या खुणेकडे गेले तर शब्द चुकला आहे, शिकणारी नव्हे. शेताचा नकाशा पुढे ठेवून 'बॅटरी उतरली, आता ड्रोन कोणत्या वाटेने येईल?' असे विचारावे. रेष झाडाला वळसा घालून काढली गेली, तर फेलसेफचा पाठ पुन्हा लिहावा लागेल.

या कसोटीलाही मर्यादा आहेत. वऱ्हाडात पटणारा शब्द कोकणात अडू शकतो आणि यंत्राची प्रणाली बदलली की पडद्यावरचा शब्दही बदलतो. त्यामुळे अशा अभ्यासक्रमाची शब्दावली कोशासारखी एकदा छापून संपत नाही. प्रत्येक नोंदीत पडद्यावरचे रूप, पाठातली व्याख्या आणि शेतातली हाक असे तीन रकाने असावेत, आणि चौथ्या रकान्यात तो शब्द ऐकून करायची कृती लिहावी. शब्द बदलण्याची वेळ आली की आधी चौथा रकाना वाचावा. तेथील कृती जो शब्द घडवून आणतो, तो पहिल्या तीन रकान्यांत देशी असो वा परका, राहू द्यावा.